खालच्या हाताची घट्ट मूठ: बॅट धरताना होणारी एक चूक आणि ती कशी सोडवायची
(सकाळच्या बॅचमधल्या १० ते १४ वर्षांच्या मुलामुलींसाठी)

मुलांनो, दिवाळीच्या सुट्टीचा कॅम्प सुरू झाला की पहिले दोन दिवस मी नेटच्या मागे उभा राहून फक्त तुमचे हात बघतो. कोण किती लांब मारतंय हे त्या दोन दिवसांत मला बघायचंच नसतं. दरवर्षी निम्म्याहून जास्त बॅचमध्ये एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे खालचा हात. उजव्या हाताने खेळणाऱ्यांचा उजवा आणि डावखुऱ्यांचा डावा हात हँडलला पूर्ण वेटोळं घालून, तळहातात दाबून, मागच्या बाजूने धरलेला असतो. आज फक्त त्याबद्दलच बोलू. स्टान्स, बॅकलिफ्ट, पाय हे सगळं नंतर.

आधी या चुकीमुळे काय होतं ते समजून घ्या, म्हणजे सुधारण्याचा कंटाळा येणार नाही.

बॅटचा दांडा गोल आहे आणि तुमचे हात एकाखाली एक आहेत. सरळ बॅटने खेळताना बॅट कुठल्या रेषेत यायची हे वरचा हात ठरवतो. खालचा हात साथ देतो आणि शेवटच्या क्षणी थोडा जोर देतो. तोच हात तळहातात घट्ट आवळला आणि दांड्याच्या मागे गेला, की बॅटची सगळी सूत्रं त्याच्याकडे जातात. मग चेंडू बॅटवर येण्याआधीच मनगट फिरतं आणि बॅटचं तोंड लेग साइडला बंद होतं. मिडऑफला जाणारा ड्राइव्ह मिडविकेटला जातो. चेंडू जरा थांबून आला तर बॅटची पुढची कड लागते आणि गोलंदाजाच्या किंवा कव्हरच्या हातात सोपा झेल जातो. खालचा हात पुढे रेटतो, तसं वरच्या हाताचं कोपर खाली पडतं आणि चेंडू हवेत उडतो. 'सर, मी तर जमिनीवरूनच मारत होतो' हे मी रोज ऐकतो. तुम्ही खरंच जमिनीवरून मारायला गेलेले असता. चेंडू उचलला जातो तो खालच्या हातामुळे.

ही सवय लागते कुठून, तेही सांगतो. सिडकोच्या गल्लीत किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये टेनिस बॉलने खेळताना एका बाजूला गाड्या असतात, दुसऱ्या बाजूला भिंत, आणि धावा मिळतात फक्त लेगला. तिथे खालच्या हाताने ओढून मारणाराच हिरो ठरतो. गल्ली क्रिकेट बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही, नजर तिथेच तयार होते. पण लेदर बॉलसमोर तीच मूठ चालत नाही. दुसरं कारण भीती. सिमेंटच्या विकेटवर चेंडू झटकन उसळतो. एकदा बोटाला लागला की पुढच्या चेंडूला हात आपोआप आवळला जातो. तिसरं कारण थंडी. डिसेंबरात पहाटे गंगापूर रोडला धुकं असतं, बोटं बधिर झालेली असतात आणि बधिर बोटं नेहमी जास्तच दाबतात. म्हणून थंडीत ग्लोव्हज घालण्याआधी दोन मिनिटं हात चोळा, मुठी उघडबंद करा. यावर हसू नका, फरक पडतो.

आता तुमची चूक तुम्हीच शोधा. तुमचे बॅटिंग ग्लोव्हज उलटे करून तळवे बघा. खालच्या हाताच्या ग्लोव्हचा तळवा मधोमध काळा पडलेला, गुळगुळीत किंवा फाटलेला असेल तर तुम्ही तळहाताने धरता. झिजायला हवी ती बोटांच्या मुळाशी, अंगठा आणि तर्जनीच्या बाजूला. मागच्या आठवड्यात पंचवटीहून येणाऱ्या एका डावखुऱ्या मुलीचा ग्लोव्ह मी सगळ्यांना दाखवला होता. वरच्या हाताचा ग्लोव्ह नव्यासारखा होता आणि खालच्या हाताच्या तळव्याला भोक. तिचा प्रत्येक ड्राइव्ह मिडविकेटला का जातो, हे तिला न सांगताच कळलं.

दुसरी खूण बॅटवर दिसते. बॅटची पाठ तुमच्याकडे करून दांड्यावर दोन्ही हात ठेवा. प्रत्येक हाताच्या अंगठा आणि तर्जनीमध्ये इंग्रजी व्हीसारखा आकार तयार होतो. हे दोन्ही व्ही एका रेषेत यायला हवेत, आणि ती रेष बॅटच्या पाठीवरचा कणा आणि बाहेरची कड यांच्या मधून खाली जायला हवी. चुकीच्या मुठीत वरचा व्ही जागेवर असतो, खालचा मात्र कण्यावर किंवा कण्याच्याही पलीकडे फिरलेला दिसतो. मोबाइलवर समोरून एक फोटो काढून घ्या, लगेच कळेल.

आता सुधारणा.

बॅट जमिनीवर पालथी ठेवा, खेळायची बाजू खाली आणि दांडा तुमच्याकडे. वाका आणि दोन्ही हातांनी, कुऱ्हाड उचलावी तशी, विचार न करता उचला. हात आपोआप जिथे बसतील ती तुमची मूठ. दोन्ही हात एकमेकांना चिकटलेले आणि दोन्ही व्ही एका रेषेत आलेले दिसतील. आता हात न हलवता खालच्या हाताची शेवटची दोन बोटं, करंगळी आणि अनामिका, किंचित सैल करा. बॅट पडत नाही. कारण खालच्या हाताचं काम अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट एवढ्यांनी भागतं. वरच्या हातात याच्या उलट आहे, तिथे शेवटची तीन बोटं घट्ट हवीत. एकूण जोर दहा धरला तर वरच्या हाताला सात, खालच्याला तीन. मोजायला कुणी येणार नाही, पण चेंडू येण्याआधी मनात एकदा म्हणा: वर सात, खाली तीन.

सराव घरी करता येतो. एकाने दहा पावलांवरून टेनिस बॉल एका टप्प्यावर, ऑफ स्टंपच्या रेषेत टाकायचा. समोर मिडऑफच्या दिशेला दोन चपला ठेवा, मध्ये दोन हात अंतर. पहिले दहा चेंडू फक्त वरच्या हाताने खेळा. बॅट जड वाटली तर वरचा हात दांड्यावर खाली सरकवा किंवा धाकट्या भावाची छोटी बॅट घ्या. पुढचे दहा चेंडू वरचा हात पूर्ण आणि खालच्या हाताचा फक्त अंगठा व तर्जनी. नंतर दोन्ही हात नेहमीसारखे. प्रत्येक फटक्यानंतर बॅट जिथे थांबेल तिथेच ठेवा आणि खालच्या हाताकडे बघा. बोटं अजून सैल असतील तर चेंडू चपलांमधून गेला असेल. तळहात दांड्याला चिकटलेला असेल तर चेंडू डावीकडे गेलेला असेल, डावखुऱ्यांचा उजवीकडे. नुसतं जोरात मारून हे शिकता येत नाही, म्हणून चेंडू हळूच ढकला.

तरीही खालचा हात ऐकत नसेल तर एक उपाय आहे. छोट्या रुमालाची घडी खालच्या हाताच्या ग्लोव्हमध्ये, तळव्याच्या बाजूला ठेवा आणि थ्रोडाऊन खेळा. तळहात आवळताच येत नाही. यामागे मोठं उदाहरण आहे. २००७ च्या विश्वचषकाची फायनल, ब्रिजटाऊन, समोर श्रीलंका. डावखुऱ्या अॅडम गिलख्रिस्टने डाव्या हाताच्या, म्हणजे खालच्या हाताच्या ग्लोव्हमध्ये स्क्वॉशचा चेंडू ठेवला होता. मूठ नीट राहावी म्हणून ही युक्ती त्याचे प्रशिक्षक बॉब म्युलमन यांनी सुचवली होती. त्याने १०४ चेंडूंत १४९ धावा केल्या. विश्वचषकाच्या फायनलपर्यंत पोहोचलेला माणूसही खालच्या हाताची काळजी घेत होता, हे लक्षात ठेवा. तुम्ही मात्र रुमाल सरावातच वापरा, आणि तोही रोज पाच-दहा मिनिटं.

इथे एक गैरसमज व्हायला नको. खालचा हात सैल म्हणजे मेलेला नाही. पुल, कट आणि स्वीपमध्ये त्याला भरपूर काम असतं, आणि चेंडू बॅटवर येताना तो स्वतःहून आवळतो. तुम्ही सांभाळायचं ते गोलंदाज धावत येत असताना आणि बॅट मागे जाताना. कुणी पुल मारताना मूठ सैल ठेवायला लागलं तर बॅट हातात फिरेल आणि पुन्हा 'सरांनी सांगितलं होतं' म्हणेल. सरांनी तसं सांगितलेलं नाही.

पालकांसाठी दोन ओळी. 'पुढच्या वर्षीही चालेल' म्हणून मोठी बॅट घेऊ नका. जड बॅट छोट्या मनगटाला वरच्या हाताने उचलता येत नाही, मग मूल नाइलाजाने खालच्या हाताने ओढतं आणि आम्ही वर्षभर तेच सोडवत बसतो. दुकानात मुलाला फक्त वरच्या हाताने बॅट पुढे आडवी धरायला सांगा. हात लगेच थरथरला तर एक साइज लहान घ्या. दांड्यावर एकावर एक दोन रबरी ग्रिप चढवलेल्या असतील तर एक काढा. जाड दांडा लहान बोटांत मावत नाही आणि तळहातातच जातो.

सुरुवातीला चेंडू चुकतील आणि ताकद गेल्यासारखी वाटेल. दोन-तीन आठवडे असंच वाटतं. त्या काळात गल्लीत षटकार कमी बसले तर मित्र चिडवतील, चिडवू दे. पण ज्यांची जिल्ह्याची निवड चाचणी आठवड्यावर आली आहे, त्यांनी आत्ता मूठ बदलू नका. चाचणी होऊ दे, मग माझ्याकडे या. बाकीच्यांनी आजपासून सुरू करा. अनंत कान्हेरे मैदानावर रणजीचा सामना लागला की जरूर जा, आणि फलंदाज गोलंदाजाची वाट बघत असताना त्याची खालच्या हाताची बोटं बघा. कित्येकजण प्रत्येक चेंडूआधी ती उघडून पुन्हा ठेवतात. तेवढी एक गोष्ट तुम्हीही उचला: चेंडू झाला की खालचा हात दांड्यावरून काढा, बोटं झटका, पुन्हा ठेवा.

शनिवारी येताना दोन्ही ग्लोव्हज आणि समोरून काढलेला मुठीचा फोटो आणा. पॅड नकोत, पहिला अर्धा तास टेनिस बॉलवरच खेळायचं आहे.