आमच्या तिघांचा घरखर्च, जून २०२५ पासून

नाशिक, ५ जून २०२५

प्रिय ताई,

तू आणि भाऊजींनी फोनवर विचारलंत, "एकट्या पगारात कसं भागवणार?" तेव्हा नीट सांगता आलं नाही, कारण मुलं शेजारीच बसली होती. म्हणून सगळं लिहूनच पाठवते. तुम्ही घराच्या डिपॉझिटचे तीस हजार दिलेत, तेव्हा हा हिशेब बघायचा तुम्हाला हक्क आहे. कुठे आकडा कमी धरलाय असं वाटलं तर नि:संकोच सांग.

हातात येणारा पगार ३६,९२० रुपये. एकूण ४०,०००, त्यातून पीएफचे २,८८० आणि व्यवसाय कराचे २०० जातात. पीएफ कापू नका असं कंपनीला सांगावं, असा सल्ला ऑफिसात एकदोघींनी दिला, पण तो मी मनावर घेणार नाही. म्हातारपणासाठी माझ्याकडे आता तेवढंच आहे.

मुलांच्या बाबांकडून येणारे पैसे या हिशेबात कुठेच धरलेले नाहीत. मार्चमध्ये आठ हजार आले, एप्रिलमध्ये काही नाही, मे महिन्यात पाच. ज्या रकमेची तारीख माहीत नाही तिच्यावर दूधवाल्याला शब्द देता येत नाही. घर माझ्या पगारावरच उभं राहिलं पाहिजे. त्यांचे आले तर ते मुलांच्या वेगळ्या खात्यात जातील, आणि त्यातून पुढच्या जूनची फी निघेल.

आता महिन्याचा खर्च:

भाडे – ९,५००
किराणा – ४,८००
दूध, रोज एक लिटर – १,७४०
भाजी, फळं, अंडी – २,०००
गॅस – ७००
वीज – ९००
मोबाईल आणि इंटरनेट – ७५०
स्कूटीचं पेट्रोल – १,६००
धाकट्याची शाळेची फी – २,०००
थोरलीचा क्लास – १,५००
वह्या, पुस्तकं, गणवेश, बूट – १,२००
धाकट्याची व्हॅन – १,३००
शाळेनंतर धाकट्याला सांभाळणाऱ्या काकू – १,८००
दवाखाना, औषधं – ८००
आरोग्य विमा – १,३००
माझा मुदतीचा विमा – ८००
सण, कपडे, आहेर – १,०००
करार आणि घरबदलासाठी बाजूला – ६००
किरकोळ – ७००

बेरीज ३४,९९०. उरतात १,९३०. ते पगाराच्याच दिवशी पोस्टाच्या आरडीत टाकायचे, महिनाअखेरीची वाट बघायची नाही.

तुला वाटेल की पुस्तकं-गणवेशाला महिन्याला बाराशे कशाला, ते तर जूनमध्ये एकदाच लागतात. ताई, घर बुडतं ते याच खर्चांनी. रोजच्या भाजी-दुधाने कुणी कर्जात जात नाही. जूनमध्ये एकदम चौदा हजार लागले, जुलैत विम्याचा हप्ता आला, मागोमाग दिवाळी आली की माणूस हात पसरतो. म्हणून वर्षातून एकदा येणाऱ्या प्रत्येक खर्चाला बाराने भागून तो दर महिन्याला बाजूला काढणार आहे. धाकट्याची फी वर्षाची चोवीस हजार, दोन हप्त्यांत भरायची. तिचाही हाच हिशेब. किराण्यातले साडेचारशे वर्षाच्या गव्हाचे आहेत: दीड क्विंटल लोकवन, ३६ च्या भावाने ५,४००. गहू आईच्या पद्धतीने उन्हाळ्यातच भरून ठेवायचे, कारण नंतर दुकानातून पाच-पाच किलो आणले तर महाग पडतात. या पैशासाठी बँकेत दुसरं खातं काढलंय आणि त्याचं एटीएम कार्ड घेतलेलंच नाही.

भाड्यावर मी बराच विचार केला. सिडकोत आतल्या बाजूला साडेसात हजारांत खोल्या मिळत होत्या. पण तिथून थोरलीला शाळेसाठी दोन रिक्षा बदलाव्या लागल्या असत्या आणि काकूंकडे धाकट्याला ठेवता आलं नसतं. पाथर्डी फाट्याच्या या घरातून ती चालत शाळेत जाते आणि अंबडला मला वीस मिनिटं लागतात. वाचलेले दोन हजार प्रवासात आणि पाळणाघरातच गेले असते. करार अकरा महिन्यांचा आहे, नूतनीकरणाला पाच टक्के वाढ, म्हणजे पुढच्या वर्षी भाडं ९,९७५. ती वाढ आणि कराराच्या नोंदणीचा खर्च याच सहाशेंतून भागायला हवा. मालकाने घर सोडायला सांगितलंच तर टेम्पोचे पैसेही तिथूनच.

धाकट्याला थोरलीच्या अनुदानित मराठी शाळेत घाल, फी वाचेल, असं तूच म्हणालीस. बरोबर आहे, आणि पुढच्या वर्षी तो विचार नक्की करेन. पण यंदा त्याचं घर बदललं, बाबा रोज दिसेनासे झाले. याच वर्षी मित्र आणि बाईही बदलायच्या म्हणजे सात वर्षांच्या पोरावर फार होईल. दोन हजार त्यासाठी मी देईन.

जे कमी केलं ते असं: डिश टीव्ही आणि दोन ओटीटी बंद. माझा दुसरा नंबर बंद. भिशी सध्या नाही. थोरलीचं सुकन्याचं खातं चालू ठेवलंय, पण महिन्याच्या हजाराऐवजी वर्षाला किमान २५० रुपये भरून. एवढे भरले तरी खातं खंडित होत नाही, आणि पुढे बरे दिवस आले की वाढवता येतं. सोनं मात्र गहाण टाकणार नाही, तेवढा आग्रह धरू नका.

लाडकी बहीणचा अर्ज का केला नाहीस, हे मला रोज कुणीतरी विचारतं. त्याला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं. माझं चार लाख ऐंशी हजार आहे, त्यामुळे तो विषय नाही. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचा मात्र फायदा घेते. तुझ्याकडे सातारला येताना तो उपयोगी पडतोच.

कौटुंबिक न्यायालयात मुलांसाठी अंतरिम पोटगीचा अर्ज दिलाय. वकीलबाई म्हणाल्या, सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालापासून दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि खर्चाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. म्हणून मी प्रत्येक पावती फाईलला लावते: फीची, क्लासची, औषधांची. काकूंनाही पैसे यूपीआयने देते, म्हणजे नोंद राहते. फक्त शाळेची फी, वह्या-पुस्तकं-गणवेश, क्लास, व्हॅन आणि सांभाळणं धरलं तर मुलांचे ७,८०० होतात. त्यात त्यांच्या वाट्याचं जेवण, भाडं, औषधं अजून आलेलंच नाही. त्यांच्या बाबांनी किमान निम्मा भार उचलावा, एवढंच मागणं आहे. ते मिळालं तर आरडी दुप्पट करीन, नाही मिळालं तरी वरचा हिशेब बदलणार नाही.

तुमचे तीस हजार. गेल्या दिवाळीला बोनसचे अठरा हजार मिळाले होते. यंदाही मिळाले तर त्यातले पंधरा तुम्हाला, उरलेले पंधरा पुढच्या दिवाळीला. भाऊजी नको म्हणतील, माहीत आहे. पण मला ते परत करायचे आहेत, आणि तू त्यांना तसं सांग.

मुलांना तुम्ही हातात पैसे देता ते यापुढे नका देऊ. थोरली ते मला आणून देते आणि मग दिवसभर गप्प बसते. त्यापेक्षा मे महिन्यात दोघांना पंधरा दिवस तुमच्याकडे ठेवून घेत जा. काकूंना तेवढ्या दिवसांचे पैसे द्यावे लागत नाहीत, आणि मुलांनाही हवं असतं ते.

आता तुझ्याकडे एक काम आहे. मुदतीच्या विम्यात नॉमिनी म्हणून दोन्ही मुलांची नावं घालतेय. दोघं अज्ञान असल्यामुळे त्यांच्या वतीने रक्कम स्वीकारणारी मोठी व्यक्ती फॉर्मवर लिहावी लागते. तिथे तुझं नाव देऊ का? भाऊजींशी बोलून सांग. हो म्हणालीस तर तुझ्या आधार कार्डाची प्रत आणि जन्मतारीख शुक्रवारपर्यंत पाठव, त्या दिवशी एजंट घरी येणार आहेत.

तुझी,
माई