तुम्ही गोल करून पाठवलेल्या त्या दोन रेषा

नमस्कार ताई,

तुमचा काल रात्रीचा निरोप आणि सोबतचा फोटो मी सकाळी पाहिला. एक्स-रेवर तुम्ही लाल पेनाने दोन ठिकाणी गोल केले आहेत आणि विचारलं आहे, "हाड दोन ठिकाणी तुटलेलं दिसतंय, मग तुम्ही प्लास्टर का काढलंत?" सरळ प्रश्न आहे. ओपीडीच्या गर्दीत मी तुम्हाला पाच मिनिटांत जे सांगितलं ते पुरेसं नव्हतं, हे मला तेव्हाच जाणवलं होतं. म्हणून आता नीट लिहिते.

आधी उत्तर सांगते. तुमच्या मुलीचं हाड मोडलेलं नाही. तिचा घोटा मुरगळला आहे, बाहेरच्या बाजूचं लिगामेंट ताणलं गेलं आहे आणि ते खरोखर दुखतं. तुम्ही गोल केलेल्या दोन्ही रेषा हाड वाढण्याच्या जागा आहेत. अकरा वर्षांच्या मुलीच्या पायात त्या असायलाच हव्यात.

हाड मोडलं नसेल तर फोटोत ती काळी रेषा कसली, हे तुम्हाला पडलेलं कोडं मला कळतं. एक्स-रेमध्ये पांढरं दिसतं ते मुख्यतः कॅल्शियममुळे. जिथे कॅल्शियम भरलेलं नाही तिथे किरण आरपार जातात आणि फिल्मवर काळं उमटतं. लहान मुलांचं हाड जन्मतः सगळं पक्कं नसतं. त्याचा बराच भाग कूर्चेचा असतो, म्हणजे कानाच्या पाळीच्या वर हाताला लागतं तसल्या लवचिक पदार्थाचा. नवजात बाळाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर तिथली छोटी हाडं बहुधा दिसतच नाहीत, हात आणि पंजा यांच्यामध्ये नुसती पोकळी वाटते. दोन वर्षांच्या मुलाच्या गुडघ्याच्या फिल्मवर वाटी सापडत नाही. ती जागेवर असते, फक्त अजून कूर्चेची असते. वय वाढतं तसे या कूर्चेत हाडाचे ठिपके उमटतात, मोठे होतात आणि शेवटी मुख्य हाडाला जाऊन मिळतात. मिळेपर्यंत मधे कूर्चेची एक पट्टी राहते. हाडाची लांबी वाढते ती तिथूनच. तिलाच आम्ही ग्रोथ प्लेट म्हणतो, आणि फिल्मवर ती काळी रेघ होऊन येते. भेगही काळीच दिसते. गोंधळ होतो तो इथे.

आता तुमचे दोन गोल.

पहिला गोल अंगठ्याच्या बाजूला आहे, पाऊल जिथे जाड व्हायला लागतं तिथल्या हाडाच्या मुळाशी. तुम्ही लिहिलं आहे की बाकीच्या चार हाडांच्या मुळाशी अशी रेषा नाही, म्हणजे ही भेगच असणार. तुमचं निरीक्षण अगदी अचूक आहे, खरंच. पण पावलाच्या पाच लांब हाडांपैकी अंगठ्याच्या हाडाची ग्रोथ प्लेट घोट्याकडच्या टोकाला असते आणि उरलेल्या चारांची बोटांकडच्या टोकाला. फोटो थोडा मोठा करून त्या चार हाडांची बोटांकडची टोकं पाहा. तिथेही तशीच बारीक आडवी रेघ दिसेल, चारही हाडांवर, साधारण एकाच ओळीत. चार बोटांची हाडं एका ओळीत मुरगळून मोडत नाहीत.

दुसरा गोल जास्त महत्त्वाचा. रात्री कॅज्युअल्टीत फ्रॅक्चर सांगितलं गेलं ते याच जागेवरून. करंगळीच्या रेषेत पावलाच्या बाहेरच्या कडेने मागे बोट फिरवत गेलात, तर साधारण मध्यावर एक टेंगूळ हाताला लागतं. तुमच्या स्वतःच्या पायालाही आहे, आत्ता चाचपून बघा. घोट्याच्या बाहेरून येणारी एक दोरी, म्हणजे स्नायूचा कंडरा, त्या टेंगळावर येऊन बसते. मुलींमध्ये साधारण ९ ते ११ वर्षांच्या सुमारास या टेंगळावर हाडाची एक पातळ कपची तयार होते. मुलग्यांमध्ये ती थोडी उशिरा येते. काही वर्षांत ती मुख्य हाडाला चिकटून जाते आणि पुन्हा कधी दिसत नाही. तुमची मुलगी अकरा वर्षांची आहे, म्हणजे ऐन त्याच काळात तिचा एक्स-रे निघाला.

अडचण अशी की पाय आत मुरगळतो तेव्हा ती दोरी त्याच टेंगळाला ओढते आणि तिथे खरं फ्रॅक्चरही होतं. मोठ्या माणसांत तर ते नेहमीचं आहे. जागा तीच, दुखापतीची पद्धत तीच आणि फिल्मवर काळी रेषाही तशीच. त्या डॉक्टरांच्या जागी, दिवसभर मोठ्या माणसांचे पाय पाहून आलेल्या कुणालाही रात्री साडेअकराला शंका आली असती. शंका असताना स्लॅब, म्हणजे अर्धं प्लास्टर, बांधून दुसऱ्या दिवशी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा म्हणणं ही काळजीपूर्वक केलेली गोष्ट होती. त्यांच्यावर रागावू नका. माझा आक्षेप एवढाच आहे की "क्रॅक आहे, सहा आठवडे प्लास्टर" हे वाक्य त्या रात्री तुम्हाला सांगायला नको होतं.

मग फरक कसा ओळखला? रेषेची दिशा पाहून. वाढीच्या कपचीची रेषा हाडाच्या लांबीच्या दिशेने, कडेला समांतर धावते, लाकडाची साल खोडापासून जरा सुटावी तशी. फ्रॅक्चरची रेषा हाडाला आडवी कापते. तुमच्या फोटोत रेषा उभी आहे. दुसरं, कडा पाहून. वाढीच्या जागेच्या कडा गुळगुळीत असतात आणि त्यांना बारीक पांढरी किनार असते. ताज्या मोडीच्या कडा धारदार असतात, किनार नसते आणि दोन्ही बाजू जुळवल्या तर एकमेकींत बसतील असं वाटतं.

पण ताई, मी स्लॅब नुसत्या फिल्मवरून काढलेला नाही. निर्णय झाला तो तिचा पाय हातात घेतल्यावर. तुम्ही समोरच होतात, आठवून पाहा. मी आधी तिच्या चांगल्या पायाचं टेंगूळ दाबलं, मग दुखऱ्या पायाचं. दोन्ही वेळा ती तुमच्याकडे बघून बोलत राहिली, चेहरा बदलला नाही. ताजं फ्रॅक्चर असतं तर त्या जागी बोट टेकवताच तिने पाय ओढून घेतला असता. नंतर मी बाहेरच्या घोट्याच्या किंचित पुढे आणि खाली दाबलं, तेव्हा ती "आई गं" म्हणाली. सूज तिथेच होती, निळसरपणाही तिथेच. तो लिगामेंटचा भाग आहे. दुखणं एका जागी आणि रेषा दुसऱ्या जागी असेल, तर त्या रेषेचा या दुखण्याशी संबंध नाही.

आणखी एक जागा मी तीनदा दाबली होती. घोट्याच्या बाहेरच्या हाडावर, टोकापासून दीड-दोन बोटं वर. तुम्ही विचारलंही होतं, "तिथे का परत परत बघताय?" तेव्हा नीट उत्तर द्यायचं राहिलं. तिथे घोट्याची ग्रोथ प्लेट आहे. सगळ्या रेषा निरुपद्रवी असतात असं मी म्हणत नाहीये, हे मुद्दाम सांगते. वाढत्या वयात ग्रोथ प्लेट हा हाडाचा नाजूक भाग असतो आणि तिथेही मोड होते. १९६३ साली सॉल्टर आणि हॅरिस या डॉक्टरांनी अशा दुखापतींचे पाच प्रकार मांडले, आजही आम्ही तेच वापरतो. त्यातल्या पहिल्या प्रकारात मोड फक्त कूर्चेतून जाते, त्यामुळे एक्स-रे अगदी स्वच्छ दिसू शकतो. म्हणून तिथे माझा भरवसा बोटावर. त्या जागी ती दचकली असती तर फिल्म चांगली असूनही मी प्लास्टर ठेवलं असतं. ती दचकली नाही.

तुम्ही विचारलंत, "खबरदारी म्हणून सहा आठवडे ठेवलं तर काय बिघडलं?" बिघडतं. न मोडलेला पाय सहा आठवडे बांधून ठेवला तर पोटरी बारीक होते, घोटा आखडतो आणि पुन्हा सरळ चालायला तिला आणखी काही आठवडे जातात. मुरगळलेलं लिगामेंट सोसेल तेवढ्या हालचालीने चांगलं भरतं. शिवाय, आपलं हाड मोडलंय असं एकदा मनाने घेतलं की मूल पाय टाकायला घाबरतं. तुमच्या मुलीचं तसं होऊ लागलं होतं. स्लॅब काढल्यावर जमिनीवर पाय ठेवायच्या आधी तिने मला दोनदा विचारलं, "नक्की तुटला नाहीये ना?"

दुसऱ्या पायाचाही एक्स-रे काढावा का, असं तुमच्या जाऊबाईंनी सुचवलंय. शंका उरली असती तर मी काढला असता, पण ती उरलेली नाही. एरवी किरणांची भीती बाळगू नका. पावलाच्या एका फिल्ममधली मात्रा आपल्याला एका दिवसात आजूबाजूच्या निसर्गातून मिळते त्याहूनही कमी असते.

आता घरी काय करायचं. दोन दिवस बर्फ कापडात गुंडाळून, एका वेळी दहा-पंधरा मिनिटं. बसताना पाय उशीवर. क्रेप बँडेज दिवसा बांधा, रात्री सोडा. सोसेल तितकं चालू द्या. थोडं लंगडली तर चालेल. तीन-चार दिवसांनी बसल्या बसल्या पायाच्या अंगठ्याने हवेत आकडे काढायला सांगा, एक ते दहा. बॅडमिंटन मात्र नाही, एका पायावर न दुखता उडी मारता येईपर्यंत.

माझं चुकूच शकत नाही असं नाही. म्हणून सूज वाढत गेली, बोटं निळी किंवा बधिर पडली, किंवा ते टेंगूळ आणि घोट्याची ग्रोथ प्लेट या दोन जागांपैकी एखादी दाबल्यावर दुखायला लागली, तर वेळ न बघता फोन करा. आठवड्यानंतरही ती पाय टेकवत नसेल तर पुन्हा फिल्म काढू. खरं फ्रॅक्चर असेल तर दहा-बारा दिवसांत भरणाऱ्या हाडाच्या खुणा बहुधा दिसू लागतात. वाढीची रेषा मात्र होती तशीच राहते.

ती कपची जोडली जाईपर्यंत, जास्त धावपळीनंतर कधीकधी तिथे ठणकेल. ओढणारी दोरी आणि कूर्चा यांची ती कुरकुर असते, चार दिवस खेळ कमी केला की शमते. आणि पुढे कुठेही तिच्या या पायाचा एक्स-रे निघाला तर ही जुनी फिल्म सोबत न्या. शेजारी ठेवून पाहिली की प्रश्न तिथेच मिटतो.

गुरुवारी संध्याकाळी तिला घेऊन या, मी सहानंतर आहे. येताना तिचे खेळायचे बूट आणा. करंगळीच्या बाजूला ते त्या टेंगळावर दाबतात का, ते मला पाहायचं आहे.