आज ऑफिसला पोचता येत नाहीये – ठाण्यात रिक्षा, बस सगळं बंद (पगाराचं काम घरून करतेय)

नमस्कार देशमुख सर,

सकाळी सकाळी एवढा मोठा मेसेज टाकतेय, पण फोनवर नीट सांगता आलं नसतं आणि पगाराचा विषय आहे म्हणून लिहूनच ठेवते. सर मला आज रबाळ्याला येता येत नाहीये. रिक्षा, बस, कॅब तिन्ही आज संपावर आहेत, काल रात्री सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरत होता पण वाटलं थोड्या तरी रिक्षा चालतील, म्हणून रोजच्यापेक्षा अर्धा तास आधी, पावणेसातलाच निघाले.

कासारवडवलीच्या शेअर रिक्षा स्टँडवर रिक्षा ओळीने लावून पुढे दोरी बांधलेली. एक रिक्षा बाई आणि तिच्या सासूला घेऊन आली ती पण अडवली, त्या बाईला नववा महिना होता, सासूने हॉस्पिटलची फाइल वर करून दाखवली तेव्हा त्याच लोकांनी दोरी सोडली आणि पुढचा रस्ता मोकळा करून दिला. बाकी कुणालाच सोडत नव्हते. बसस्टॉपवर माणसं पार सर्व्हिस रोडपर्यंत उभी होती. कॅबच्या ॲपवर आधी स्टेशनचे साडेसातशे दाखवले, मी तेही द्यायला तयार झाले, तर बुकिंगच होईना, वीस मिनिटं नुसतं गोल फिरत राहिलं.

मग वाघबीळ करत पातलीपाड्यापर्यंत चालत गेले, म्हटलं पुढे काही मिळेल. काही नाही. ठाणे-वाशी लोकल चालू आहेत सर, पण आमच्या घोडबंदरवाल्यांचा प्रॉब्लेम स्टेशन गाठायचाच आहे, घरापासून नऊ-दहा किलोमीटर आहे ते. मिस्टरांची भिवंडीला नाइट आहे, बाईक त्यांच्याकडे, ते दहापर्यंत येतील पण रात्रभर जागलेल्या माणसाला परत त्या ट्रॅफिकमध्ये गाडी चालवायला लावणं मला नको वाटतं. म्हणून परत फिरले, आत्ता साडेआठला घरी येऊन लॅपटॉप उघडलाय.

आता मेन गोष्ट. आज ६ तारीख आहे आणि पगार ७ च्या आत जायलाच हवेत, कायदा तर आहेच पण आपल्या लोडिंगच्या मुलांची घरभाडी, गावाला पाठवायचे पैसे सगळं या एका तारखेवर चालतं. गेल्या दिवाळीला दोन दिवस उशीर झाला होता तेव्हा एक जण माझ्या टेबलापाशी येऊन काही न बोलता नुसता उभा राहिला होता, ते मला परत नकोय. त्यामुळे मी ऑफिसला नाही म्हणून पगार थांबणार नाही हे आधीच सांगते.

११२ पैकी ९७ जणांची शीट फायनल आहे, शेअर ड्राइव्हवर कालच टाकलीय. राहिलेल्या १५ जणांचा शेवटच्या पाच दिवसांचा ओव्हरटाइम हजेरीच्या रजिस्टरमध्येच आहे आणि ते रजिस्टर माझ्या टेबलच्या डावीकडच्या खालच्या ड्रॉवरमध्ये. गणेशदादा घणसोलीहून चालत येतात, ते पोचले असतील. त्यांना सांगून किल्ली घ्यायला सांगाल का, पँट्रीच्या की-बॉक्समध्ये हिरव्या दोऱ्याची आहे. शेवटच्या दोन पानांचे फोटो हवेत, सपाट टेबलावर ठेवून काढायला सांगा, मागच्या वेळी घडीवरचे आकडे दिसत नव्हते आणि एकाचे ६ तास ८ वाचले गेले होते. सह्यांचा कॉलम पण फोटोत येऊ दे.

फोटो अकरापर्यंत आले तर मी एकपर्यंत बँकेत फाइल अपलोड करते. लॉगिनचा ओटीपी माझ्याच मोबाईलवर येतो, गेल्या पावसाळ्यात घरूनच केलं होतं, अडचण आली नव्हती. नंतर अप्रूव्हल तुमचं लागेल, तेवढं दुपारी फोनजवळ रहा प्लीज. एनईएफटी चोवीस तास चालते, दर अर्ध्या तासाला बॅच जाते, म्हणजे तुम्ही तीनला जरी अप्रूव्ह केलं तरी संध्याकाळपर्यंत पैसे जमा व्हायला हवेत. लाइट गेली तर मोबाईलचा नेट आहे, चार्ज करून ठेवलाय.

आजचा दिवस वर्क फ्रॉम होम धरावा ही विनंती, दिवसभर कामच करणार आहे. पण नियमात बसत नसेल तर माझी सीएल टाका, चालेल, फक्त बिनपगारी नको. व्हेंडरच्या दोन बिलांचं काम मात्र आज होणार नाही, ओरिजिनल कागद ऑफिसमध्येच आहेत.

उद्याही संप राहिला तर मिस्टरांची सुट्टी आहे, ते साडेसहाला स्टेशनला सोडतील, मी येतेच. संध्याकाळी काही कळलं की कळवते.

गणेशदादांना किल्लीचं तेवढं लगेच सांगा सर.

स्वाती