उदात्ताचा अनुभव आणि एकांताची रचना: वर्डस्वर्थ व शेली यांच्या दोन आल्प्स-कविता

रोमँटिक निसर्गकवितेत उदात्ताचा, म्हणजे मनाला थक्क करून दडपून टाकणाऱ्या शक्तीचा, अनुभव भव्य दृश्यातून येतो, असे सर्रास गृहीत धरले जाते. विचारवंत एडमंड बर्कने १७५७ साली उदात्ताचे मूळ भय आणि विशालतेत शोधले, त्यामुळे पर्वत आणि दऱ्या हेच त्याचे स्वाभाविक घर ठरले. विल्यम वर्डस्वर्थ आणि पर्सी शेली यांच्या आल्प्सविषयक कविता शेजारी ठेवून वाचल्या, की मात्र हा अनुभव दृश्य हातून निसटते तिथेच सुरू होत असल्याचे दिसते. त्या रिकाम्या जागेचे प्रत्येक कवी काय करतो, यावर दोघांमधील खरा फरक अवलंबून आहे, असे मी या निबंधात मांडणार आहे.

आधी एकांताविषयी. या कवितांतला एकांत बहुधा वस्तुस्थिती नसून कवितेने घडवलेली अवस्था असते. डॅफोडिल्सच्या प्रसिद्ध कवितेचा ‘मी’ ढगासारखा एकटा भटकतो. प्रत्यक्षात १५ एप्रिल १८०२ रोजी वर्डस्वर्थची बहीण डॉरोथी त्याच्याबरोबर होती आणि त्या फुलांचे तिने केलेले वर्णन तिच्या रोजनिशीत आहे. याला लबाडी म्हणता येणार नाही. फुलांचे सारे मोल शेवटच्या कडव्यात, घरी पडून असताना अंतर्दृष्टीला ती पुन्हा दिसतात तेव्हाच कळते, आणि तिथे सोबतीला जागाच उरत नाही.

हाच प्रकार वर्डस्वर्थच्या ‘द प्रेल्यूड’ या आत्मचरित्रात्मक दीर्घकाव्याच्या सहाव्या सर्गात अधिक गंभीरपणे घडतो. १७९० साली वर्डस्वर्थ आणि त्याचा मित्र रॉबर्ट जोन्स सिम्प्लॉन खिंडीतून पायी जात असताना वाट चुकले. अजून वर चढायचे आहे, या आशेत असताना एका शेतकऱ्याने त्यांना खाली उतरण्याची वाट दाखवली: आल्प्स केव्हाच ओलांडून झाला होता. ज्या क्षणाची इतकी वाट पाहिली तो नकळत निघून गेला. कविता इथे प्रवासवर्णन सोडून थेट कल्पनाशक्तीला संबोधते आणि इंद्रियांचा प्रकाश विझताना जो लखलखाट होतो त्यात अदृश्य जग प्रकट होते, असे सांगते. हे संबोधन प्रवासानंतर सुमारे चौदा वर्षांनी, १८०४ मध्ये लिहिले गेले. म्हणजे हा उदात्त क्षण खिंडीतला नाही, लेखनातला आहे. १८०५ च्या पाठात कल्पनाशक्ती धुक्यासारखी कवीसमोर उभी राहते. १८५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित पाठात मात्र ते धुके एका ‘एकाकी प्रवाशाला’ वेढून टाकते. जोन्स बरोबर होता हे कवीला ठाऊक असूनही दुरुस्तीत हा एकाकी प्रवासी आला, याचा अर्थ अनुभवाला एकांताची गरज आहे हे त्याला उत्तरोत्तर अधिक जाणवत गेले, असा मी लावते. पुढे गोंडोच्या दरीतले कडे आणि धबधबे एकाच मनाची रूपे, अनंताची चिन्हे होतात. अपेक्षाभंगाने पडलेली पोकळी अर्थाने भरून निघते.

शेलीची ‘माँ ब्लां’ ही जुलै १८१६ मध्ये माँ ब्लां पर्वताच्या पायथ्याच्या शामोनीला केलेल्या प्रवासात सुचलेली कविता. त्याची सहचरी मेरी आणि तिची सावत्र बहीण क्लेअर बरोबर असूनही कवितेत त्यांचा मागमूस नाही; इथपर्यंत दोघांचे मार्ग एक आहेत. पण शेलीचा पर्वत काहीच कबूल करत नाही. हिमनद्या भक्ष्यावर टपलेल्या सापांसारख्या सरपटत येतात, जंगले आणि माणसांची वस्ती गिळतात, आणि शिखरावर पडणारा बर्फ पाहायला तिथे कोणीही नसते. वर्डस्वर्थचा निसर्ग मनाशी संवाद साधतो. शेलीचा निसर्ग माणसाची दखलही घेत नाही. याच पर्वताविषयी वर्डस्वर्थचा कविमित्र कोलरिज याने लिहिलेले १८०२ चे स्तोत्र इथे उपयोगी पडते. त्यात हिमनद्या, प्रपात आणि देवदाराची राने एकमुखाने ईश्वराचे नाव घोषित करतात. शामोनीला कधीही न गेलेल्या, फ्रेडेरिके ब्रुन या कवयित्रीच्या रचनेचा आधार घेणाऱ्या कवीला हे उत्तर इतक्या सहज सापडावे, ही बाब शेलीच्या संयमाची किंमत वाढवते.

शेलीने कविता प्रश्नावर थांबवली आहे: मानवी कल्पनेला शांतता आणि एकांत म्हणजे निव्वळ पोकळी वाटली असती, तर हा पर्वत, ही पृथ्वी, तारे आणि समुद्र काय उरले असते? हा कल्पनाशक्तीचा विजय आहे, असे वाचन सुलभ आहे, पण ते प्रश्नातल्या ‘तर’ला फार लवकर ओलांडते. पोकळीला अर्थ देणारे मन नसेल तर पर्वत निरर्थक ठरतो, हे खरे; पण ज्या पर्वताने क्षणापूर्वी माणसांच्या वस्त्या गिळल्या त्याला या मनाची गरज आहे, असे कवितेत कुठेही म्हटलेले नाही. वर्डस्वर्थ मन आणि निसर्ग यांच्यात जो करार गृहीत धरतो, त्यावर शेलीच्या कवितेत फक्त एकाच पक्षाची सही आहे.