टोल्यूइन : सुरक्षा माहिती पत्रक, मराठी आवृत्ती

ही मराठी आवृत्ती सॉल्व्हंट भांडार, भरणी विभाग आणि थिनर मिश्रण विभागातल्या सर्वांसाठी सुरक्षा विभागाने तयार केली आहे. H आणि P संकेतांक, मर्यादांचे आकडे आणि एकके मूळ पत्रकात आहेत तशीच ठेवली आहेत. चौकटीबाहेर ‘टीप’ म्हणून लिहिलेला मजकूर मूळ पत्रकातला नाही, आमचा आहे. घाईची वेळ असेल तर थेट विभाग ४ उघडा.

विभाग १ : पदार्थाची ओळख

नाव : टोल्यूइन. इतर नावे : मिथाइलबेंझिन, टोल्यूओल. सूत्र : C₇H₈. सीएएस क्रमांक : 108-88-3. ईसी क्रमांक : 203-625-9.
वापर : शाई, रंग, थिनर आणि चिकटद्रव्यांतले औद्योगिक द्रावक. हात धुण्यासाठी किंवा अंगावरचे डाग पुसण्यासाठी वापरू नये.
पुरवठादाराचे नाव, पत्ता आणि आपत्कालीन दूरध्वनी २०० लिटर ड्रमच्या लेबलवर आहेत. ते लेबल खरवडू नका, त्यावर दुसरा कागद चिकटवू नका.

विभाग २ : धोके

संकेतशब्द : धोका
चित्रचिन्हे : ज्वाला; आरोग्यधोका (छातीवर चांदणी असलेली मानवाकृती); उद्गारचिन्ह.

H225 अतिज्वलनशील द्रव आणि बाष्प. (ज्वलनशील द्रव, वर्ग २)
H304 गिळल्यास आणि श्वासमार्गात शिरल्यास प्राणघातक ठरू शकते. (वर्ग १)
H315 त्वचेचा दाह होतो. (वर्ग २)
H336 गुंगी किंवा चक्कर येऊ शकते. (एकवेळचा संपर्क, वर्ग ३)
H361d गर्भातील बाळाला इजा होत असल्याचा संशय आहे. (वर्ग २)
H373 दीर्घकाळ किंवा वारंवार संपर्क आल्यास अवयवांना इजा होऊ शकते. (वर्ग २)
H412 जलचरांना अपायकारक. परिणाम दीर्घकाळ टिकतात. (वर्ग ३)

टीप : H315 मध्ये ‘होतो’ आहे, H336 मध्ये ‘येऊ शकते’ आहे आणि H361d मध्ये ‘संशय’ आहे. हा फरक वर्गीकरणातलाच आहे. फलक रंगवताना किंवा तोंडी समजावताना तिन्ही एका मापाने मोजू नका.

सावधगिरी :
P210 उष्णता, तप्त पृष्ठभाग, ठिणग्या, उघड्या ज्वाळा आणि प्रज्वलनाची इतर साधने यांपासून दूर ठेवा. धूम्रपान करू नका.
P240 डबा आणि भरणीचे साधन एकमेकांशी जोडा व अर्थिंग करा.
P260 बाष्प श्वासात घेऊ नका.
P273 पर्यावरणात जाऊ देऊ नका.
P280 संरक्षक हातमोजे, संरक्षक कपडे, डोळ्यांचे आणि चेहऱ्याचे संरक्षण वापरा.
P301+P310 गिळल्यास : ताबडतोब विषबाधा केंद्राला किंवा डॉक्टरांना फोन करा.
P331 उलटी करवू नका.
P403+P235 हवेशीर जागी साठवा. थंड ठेवा.

विभाग ३ : घटक

एकच पदार्थ, मिश्रण नाही. टोल्यूइन, किमान ९९ टक्के.

विभाग ४ : प्रथमोपचार

आधी स्वतःचा विचार करा. बंद टाकीत किंवा खड्ड्यात कोणी बेशुद्ध पडलेला दिसला तर श्वसनसंच न लावता आत उतरू नका, मदत मागवा.

*गिळल्यास.* ताबडतोब विषबाधा केंद्राला किंवा डॉक्टरांना फोन करा. उलटी करवू नका. घशात बोटे घालू नका, मिठाचे पाणी देऊ नका, दूध किंवा तेल पाजू नका. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नका. आपोआप उलटी होऊ लागली तर डोके कमरेपेक्षा खाली येईल असे वळवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. खोकला नाही, माणूस नीट बोलतो आहे, तरीही रुग्णालयात न्या : टोल्यूइनचे थोडेसे थेंब फुप्फुसात गेले तरी दाह होतो आणि त्याची लक्षणे काही तासांनी दिसू शकतात.

*श्वासात गेल्यास (P304+P340).* व्यक्तीला मोकळ्या हवेत न्या आणि श्वास घेणे सोपे जाईल अशा स्थितीत ठेवा. श्वास थांबला असेल तर प्रशिक्षित व्यक्तीने पॉकेट मास्क किंवा अंबू बॅगने कृत्रिम श्वास द्यावा. श्वास आहे पण शुद्ध नाही, तर कुशीवर वळवा. चालत जाऊन ‘जरा मोकळी हवा खातो’ म्हणणाऱ्याला एकटे सोडू नका.

*त्वचेवर किंवा केसांवर पडल्यास (P303+P361+P353).* दूषित झालेले सर्व कपडे ताबडतोब काढा. त्वचा पाण्याने धुवा किंवा शॉवर घ्या. कपडे भिजलेले असतील तर शॉवरखाली उभे राहूनच काढा. कोरड्या अंगावरून ओढून काढताना स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. नंतर साबण-पाण्याने धुवा. दाह राहिल्यास डॉक्टरांना दाखवा. भिजलेले बूट आणि चामड्याचा पट्टा पुन्हा वापरू नका.

*डोळ्यांत गेल्यास.* पापण्या उघड्या धरून किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा. कॉन्टॅक्ट लेन्स असतील आणि सहज निघत असतील तर काढा, धुणे थांबवू नका. नंतर नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

*संपर्क आल्यास किंवा शंका असल्यास (P308+P313).* वैद्यकीय सल्ला घ्या. गर्भवती महिलेच्या बाबतीत लक्षणांची वाट पाहू नका.

*डॉक्टरांसाठी.* लक्षणांनुसार उपचार. श्वासातून जास्त मात्रा गेल्यास हृदयाचे स्नायू अॅड्रेनलिनसारख्या औषधांना अतिसंवेदनशील होतात, लय बिघडू शकते. अशी औषधे सावधपणे वापरावीत. फुप्फुसदाहावर लक्ष ठेवावे. हे पत्रक रुग्णासोबत द्यावे.

विभाग ५ : आग

योग्य साधने : फोम, कोरडी पावडर, कार्बन डायऑक्साइड. पाण्याचा जोरदार झोत वापरू नका. टोल्यूइन पाण्यापेक्षा हलके असल्याने पाण्यावर तरंगत जाते आणि आग सोबत नेते. पाण्याची बारीक फवारणी आगीजवळचे ड्रम थंड ठेवण्यासाठी चालते. बाष्प हवेच्या सुमारे ३.१ पट जड असते, जमिनीलगत सरकते आणि दूरच्या ठिणगीपासून पेट घेऊन मागे येऊ शकते. जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. आग विझवणाऱ्यांनी श्वसनसंच लावावा.

विभाग ६ : सांडल्यास

ठिणगीची सर्व कारणे बंद करा, माणसे वाऱ्याच्या वरच्या बाजूला न्या. गटाराची तोंडे आधी झाका. वाळू किंवा व्हर्मिक्युलाइटने शोषून ठिणगी न पाडणाऱ्या फावड्याने झाकणाच्या डब्यात भरा. लाकडाचा भुसा नको. सांडलेले पाण्याने धुऊन नाल्यात ढकलणे म्हणजे आग आणि प्रदूषण दोन्ही पुढच्या दारी पोचवणे.

विभाग ७ : हाताळणी आणि साठवण

भरणी विभागाने हा भाग नीट वाचावा. टोल्यूइन वीज फार कमी वाहून नेते, म्हणून ओतताना त्यात साचलेला विद्युतभार लवकर ओसरत नाही. ड्रममधून ५ लिटरच्या धातूच्या कॅनमध्ये घेताना आधी ड्रम, पंप आणि कॅन तारेने जोडा, अर्थिंग करा, मगच झाकण उघडा. चिमटा रंगावर नव्हे, उघड्या धातूवर बसला पाहिजे. नळी कॅनच्या तळापर्यंत न्या, वरून धार सोडू नका. प्लास्टिकच्या बादलीत ओतू नका. तिला अर्थिंग करता येत नाही. भरणी झाल्यावर तार लगेच सोडू नका.

साठवण : थंड, हवेशीर जागा, बंद झाकण, ऑक्सिडीकारकांपासून वेगळी. रिकामा वाटणारा ड्रमही रिकामा समजू नका. त्याला वेल्डिंग किंवा कापणी करू नका.

विभाग ८ : संपर्काच्या मर्यादा आणि संरक्षण

| संस्था | सरासरी मर्यादा | अल्पकालीन मर्यादा |
|---|---|---|
| एसीजीआयएच (टीएलव्ही, ८ तास) | २० पीपीएम | दिलेली नाही |
| युरोपीय संघ (सूचक मूल्य, ८ तास) | ५० पीपीएम, १९२ मिग्रॅ/घमी | १०० पीपीएम, ३८४ मिग्रॅ/घमी (१५ मिनिटे) |
| नायॉश (शिफारस, १० तासांपर्यंत) | १०० पीपीएम, ३७५ मिग्रॅ/घमी | १५० पीपीएम, ५६० मिग्रॅ/घमी (१५ मिनिटे) |
| ओशा (कायदेशीर, ८ तास) | २०० पीपीएम | कमाल ३०० पीपीएम. १० मिनिटांसाठी शिखर ५०० पीपीएम |

युरोपीय यादीत ‘त्वचा’ असा शेरा आहे : त्वचेतूनही शरीरात लक्षणीय मात्रा जाऊ शकते. जीव आणि आरोग्यास तात्काळ धोकादायक पातळी (नायॉश) : ५०० पीपीएम.

टीप : पीपीएम आणि मिग्रॅ/घमी परस्पर गुणाकार करून जुळवू नका. युरोपीय आकडे २० अंश सेल्सियसला धरून काढलेले आहेत, अमेरिकी २५ अंशांना. म्हणून ५० पीपीएमसमोर १९२ आणि १०० पीपीएमसमोर ३७५ दोन्ही बरोबर आहेत. कायद्याने लागू असलेली मर्यादा पाळायचीच, पण आमच्या विभागात कामाचे लक्ष्य २० पीपीएम आहे.

दुसरी टीप, मीटरबद्दल. भांडारातला ज्वलनशील वायूचा मीटर स्फोटाच्या खालच्या सीमेच्या टक्क्यांत वाचतो. टोल्यूइनची ती सीमा १.१ टक्के, म्हणजे ११,००० पीपीएम. मीटरने १ टक्का दाखवला तर हवेत सुमारे ११० पीपीएम आहे. स्फोटाच्या दृष्टीने तो आकडा किरकोळ, श्वासाच्या दृष्टीने आमच्या लक्ष्याच्या पाचपटीहून जास्त. ‘मीटर शून्याजवळ आहे’ हे मास्क काढण्याचे कारण नव्हे. नाकावरही भिस्त ठेवू नका, वास थोड्याच वेळात जाणवेनासा होतो.

संरक्षण : आधी स्थानिक निष्कासन पंखा, नंतर मास्क. मास्कला सेंद्रिय बाष्पासाठीचा ए प्रकारचा, तपकिरी पट्ट्याचा काडतूस. कापडी किंवा धुळीचा मास्क इथे निरुपयोगी. ५०० पीपीएम किंवा अज्ञात प्रमाण असेल तर हवापुरवठ्याचा श्वसनसंच. हातमोजे फ्लोरोरबरचे (व्हिटॉन). नायट्राइलचे मोजे फक्त शिंतोड्यांपुरते. भिजले की लगेच बदला. नैसर्गिक रबराचे नकोत. बाजू झाकणारा चष्मा, स्थिर वीज साठू न देणारे बूट.

विभाग ९ : भौतिक गुणधर्म

रंगहीन द्रव, विशिष्ट सुगंधी वास. वितळणबिंदू −९५ °से. उत्कलनबिंदू ११०.६ °से. ज्वलनबिंदू ४ °से (बंद पात्र). स्वयंप्रज्वलन ४८० °से. स्फोटसीमा १.१ ते ७.१ टक्के. घनता ०.८७ ग्रॅ/मिलि (२० °से). पाण्यात विद्राव्यता सुमारे ०.५ ग्रॅ/लि. ज्वलनबिंदू ४ अंश असल्याने सामान्य तापमानाला त्याचे बाष्प नेहमीच पेट घेण्याच्या स्थितीत असते.

विभाग १० : स्थिरता

सामान्य स्थितीत स्थिर. तीव्र ऑक्सिडीकारक आणि संहत नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांचे मिश्रण यांपासून दूर ठेवा. त्या मिश्रणाशी स्फोटक नायट्रो संयुगे बनू शकतात.

विभाग ११ : आरोग्यावरील परिणाम

डोकेदुखी, गुंगी, तोल जाणे. दीर्घकाळात मज्जासंस्था आणि श्रवणशक्तीवर परिणाम. गोंगाटाच्या विभागात श्रवणाची हानी अधिक होते. मद्यपानामुळे शरीरातून टोल्यूइन बाहेर पडणे मंदावते. कर्करोगकारकता : आयएआरसी गट ३, म्हणजे मानवासाठी वर्गीकरण करता येत नाही. याचा अर्थ ‘निर्धोक’ असा घेऊ नका.

विभाग १२ : पर्यावरण

मासे, ९६ तास LC50 : ५.५ मिग्रॅ/लि. सहज जैवविघटनशील. ऑक्टॅनॉल-पाणी विभाजन गुणांक (लॉग) : २.७३.

विभाग १३ : विल्हेवाट

धोकादायक कचरा म्हणून अधिकृत केंद्राकडे (P501). पुसलेल्या चिंध्याही त्याच डब्यात, झाकण लावून.

विभाग १४ : वाहतूक

UN 1294, टोल्यूइन, वर्ग ३, पॅकिंग गट II.

विभाग १५ : नियम

वर्गीकरण जीएचएस पद्धतीनुसार. ज्या देशात वापर असेल तिथली संपर्कमर्यादा बंधनकारक.

विभाग १६ : इतर

मराठी आवृत्ती २. आवृत्ती १ मध्ये विभाग ८ मध्ये फक्त ओशाची मर्यादा होती. आता चारही ओळी आहेत. P331 ठळक केला आहे. भाषांतर, आकडे आणि संकेतांक दोन वेगवेगळ्या व्यक्तींनी मूळ पत्रकाशी ओळ-ओळ पडताळले आहेत. दोन्हींत तफावत आढळल्यास काम थांबवून सुरक्षा विभागाला कळवा. तोवर मूळ पत्रक ग्राह्य. आवृत्ती १ च्या सर्व प्रती भांडारातून काढून घेतल्या जातील.