सामाजिक अंकेक्षण अहवाल: रोजगार हमीची कामे, जत तालुका, जि. सांगली

ग्रामसभेपुढे वाचनासाठी. कालावधी: आर्थिक वर्ष 2024-25.

बांधबंदिस्तीच्या हजेरीपटावर 24 मजूर, 6 दिवस. आम्ही घरोघर गेलो. 17 जणांनी काम केल्याचे सांगितले. उरलेल्या 7 पैकी 5 जण त्या आठवड्यात ऊसतोडीला गेले होते. शेजाऱ्यांनीही तेच सांगितले. दोन वृद्ध महिलांना आपले नाव पटावर आहे हेच ठाऊक नव्हते. 42 मनुष्यदिवस, दर 297 रुपये, म्हणजे 12,474 रुपयांचा हिशेब लागत नाही. सातही जणांची जॉबकार्डे त्यांच्या घरी सापडली नाहीत. ती कुणाकडे आहेत, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. जबाबावर सही करायला मात्र दोघीच तयार झाल्या.

मोजमाप पुस्तिकेत बांध 180 मीटर, टेपने भरला 131. कडेला जेसीबीच्या दातांचे ओरखडे स्पष्ट दिसतात.

सिंचन विहिरीची खोली नोंदीप्रमाणे बरोबर. रोपवाटिकेबाबत तक्रार नाही.

मजुरी 15 दिवसांत मिळायला हवी. 9 जणांना दोन महिन्यांनी मिळाली.

शिफारस: 12,474 रुपयांची वसुली, बांधाची फेरमोजणी, जॉबकार्डे आठ दिवसांत परत.