तोंड कुणीकडं?

फोटो रात्री सव्वानऊला गावच्या ग्रुपवर पडला. सरूकाकूच्या ओसरीचा कोपरा, जळतणाचा ढीग, ढिगातून निघून भिंतीच्या बुडातल्या भोकात गेलेलं हातभर काळं अंग. ढिगाकडच्या बाजूला पांढरे पट्टे स्वच्छ, भोकाकडं येता येता पुसत गेलेले. ना तोंड दिसत होतं, ना शेपूट.

दोन मिनिटांत शिवानं लिहिलं, ‘कवड्या आहे. बिनविषारी. कुणी मारू नका.’

मी लगेच फोन लावला. "शिवा, मण्यार आहे ती."

"तुला कुठलाही पट्ट्यांचा साप मण्यारच दिसतो."

त्यानं ते बोलायला नको होतं, आणि बोलल्याबरोबर त्यालाही ते कळलं. माझी चुलती मण्यार चावून गेली. भादव्यातलीच रात्र होती. चावल्याची जागा दिसली नाही, सूज नाही, आग नाही. पहाटे पोटात कळा यायला लागल्या म्हणून आम्ही ओवा चारला. पापण्या मिटायला लागल्या तेव्हा झोप येतीय म्हणून निजू दिलं. तेव्हापासून काळ्या अंगावर पांढरं दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो. हे मलाही माहीत आहे.

"मी येतो," मी म्हणालो. "काकूच्या घरीच बोलू."

गंगाखेडपासून आमचं गाव लांब नाही, पण रात्री पावसाचा चिखल तुडवत वाड्यापर्यंत जायलाही वेळ लागतो. पोचलो तर शिवा आधीच ओसरीत बसलेला. काकू माळवदाच्या त्या घरात एकटी नातवासोबत राहते. गुडघ्यांमुळं बाजेवर चढणं-उतरणं नको वाटतं, म्हणून खाली वाकळ टाकून झोपते. वाकळ अंथरलेलीच होती, भोकापासून चार पावलांवर.

"हे बघ," शिवा मोबाईल पुढं करून म्हणाला, "कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आन् शेपटीकडं पुसत जातात. इथं पुसलेली बाजू भोकात आहे. म्हंजे शेपूट भोकात, तोंड जळतणात. भोकातून निघून ढिगात चालला होता."

"आन् मण्यारीचं बरोबर उलटं असतंय. मानेजवळ कोरी, मागं पट्टे ठळक. ढिगातून निघून भोकात चालली होती आसं धर, मग?"

दोघं एकच फोटो बघत होतो, पट्ट्यांबद्दल आमचं तसूभरही भांडण नव्हतं. भांडण एवढंच होतं, की तोंड कुणीकडं.

मी पवनला जवळ बोलावलं. फोटो त्यानंच काढलेला. "भोकात शिरायला होता ना रे?"

"हाव."

"बघ!" मी म्हणालो.

शिवा चिडला. "उत्तर तूच त्याच्या तोंडात घातलंस की! पवन, इकडं ये. मी काहीच इचारीत नाही. तू पहिल्यापासून सांग, काय काय झालं."

पोरगं जरा थांबून बोललं. "जळतण आणायला गेलो. लाईट मारला तर हे दिसलं. हलत नव्हतं. फोटो काढला, आजीला हाक मारायला गेलो. येऊन बघतो तर नव्हतं."

"जाताना बघितलंस?"

"नै."

म्हणजे त्या ‘हाव’ला काही अर्थ नव्हता. मला ते कबूल करावं लागलं. आठवीतलं पोरगं, समोर दोन मोठी माणसं भांडायलेली, ते दुसरं काय म्हणणार?

मग पवननंच ढिगावरून काठीनं कातीचा एक तुकडा ओढून आणला. मी तो दिव्यापुढं धरला. पाठीच्या मधोमध बाकीच्यांपेक्षा मोठ्या, सहा कोनांच्या खवल्यांची रांग होती. मण्यारीची खूणच ती. कवड्याच्या पाठीवर मधली रांग अशी वेगळी उठून दिसत नाही. माझ्या बाजूनं चाललेला निकाल माझ्याच हातात होता. तरी मी तो तुकडा खाली ठेवला.

"ठेवलास कामून?" शिवानं विचारलं.

"कात कधीची, कुठल्या सापाची, काय माहीत? ह्या घरात मण्यार येऊन गेली एवढंच हे सांगतंय. फोटोतला साप तीच, हे नाही सांगत."

शिवानं माझ्याकडं बघितलं. त्याचा आवाज उतरला. "माधव, मी घाई केली ती का केली सांगू? मागच्या पंधरवड्यात ह्याच गल्लीत एक कवड्या ठेचला. पाली खाणारा जीव. मी आडवा पडलो तरी कुणी ऐकलं नाही. आज फोटो बघितला आन् तोच डोळ्यापुढं आला. मला तो कवड्याच असायला पाहिजे होता."

"आन् मला मण्यार."

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. काकू चुलीपुढून म्हणाली, "आरं, तुमचं काय ते ठरवा, मला पडू द्या."

"पवन," शिवा एकदम म्हणाला, "तुझा मोबाईल दे."

हे आम्हाला आधी सुचायला हवं होतं. ग्रुपवर टाकलेला फोटो आखडून येतो. मोठा करायला गेलं की खवल्यांचा नुसता चिखल होतो. पवनच्या मोबाईलमध्ये मूळ फोटो होता. शिवानं तो उघडला, बोटांनी मोठा केला, पट्ट्यांच्या बाजूनं हळूहळू सरकवत नेला. रंगाकडं बघायचं नाही, असं तो स्वतःलाच म्हणाला. फ्लॅशच्या उजेडात तपकिरीही काळं दिसतं. एका वळणावर पाठ सरळ कॅमेऱ्यासमोर आली होती. तिथं तो थांबला.

मी बोललो नाही. त्यालाच बघू दिलं.

"मधली रांग मोठी आहे," तो म्हणाला. "सहा कोनी. एक, दोन, तीन... सलग आहे." मग पट्ट्यांवर बोट ठेवलं. "आन् हे बारीक पट्टे दोन-दोन जोडीनं आहेत. आता खवल्यांच्या कडा बघ. कडा नेहमी शेपटीकडं वळलेल्या असतात. ह्या ढिगाकडं वळल्यात." मोबाईल त्यानं माझ्या हातात दिला. "तोंड भोकात होतं. मण्यार आहे."

मीही बघितलं. तो म्हणाला तसंच होतं. मला जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही. माझं लक्ष त्या वाकळंकडं गेलं.

शिवानं ग्रुपवरचा आपला निरोप खोडला नाही. त्याच्याखालीच लिहिलं, ‘माझं चुकलं. मूळ फोटो बघितला, मण्यार आहे, जहाल विषारी. आज सगळ्यांनी बाजेवर, मच्छरदाणी लावून झोपा. जळतणात हात घालू नका. चावल्याची नुसती शंका आली, पोट दुखलं, पापण्या जड झाल्या, तरी १०८ लावा, वाट बघू नका. मारायला मात्र कुणी येऊ नका.’ मग गंगाखेडच्या सर्पमित्राला फोन केला. तो म्हणाला, अंधारात भिंत उकरू नका, मी उजाडताच येतो.

आम्ही वाकळ उचलून झटकली. बाज आतल्या खोलीत नेली, भिंतीपासून हातभर पुढं ओढली. काकू कुरकुरली, गुडघ्यावर हात ठेवून चढली. पवनला तिच्या शेजारी घातलं. मच्छरदाणीच्या दोन कडा शिवानं खोचल्या, दोन मी. मण्यार बाजेवरही चढते, त्यामुळं खाली लोंबणारी एकही कड आम्ही ठेवली नाही.

"आन् रातच्याला उठायचं झालं तर?" काकूनं आतून विचारलं.

शिवानं स्वतःची बॅटरी मच्छरदाणीतून तिच्या हातात दिली. "आधी उजेड, मग पाय. पेटवून दाव मला."

तिनं पेटवली.

"इझवून परत पेटव."